डॉक्टरांची वेबसाइटवरची ओळख: एजन्सीचा मसुदा ठेवावा की स्वतः लिहिलेला?

राजारामपुरीत स्वतःची ओपीडी सुरू करणाऱ्या एका फिजिशियन मॅडमच्या वेबसाइटसाठी दोन मसुदे तयार झाले. एक वेबसाइट करून देणाऱ्या एजन्सीनं लिहिला, दुसरा मॅडमनी स्वतः. दोन्ही माझ्याकडे आले, कारण दवाखान्यांचा मराठी मजकूर लिहिणं आणि तपासणं हे माझं काम आहे. प्रश्न एवढाच होता की यातला कुठला ठेवायचा. कोल्हापुरात नवा दवाखाना थाटणाऱ्या बहुतेक डॉक्टरांसमोर थोड्याफार फरकानं हेच दोन मसुदे येतात. म्हणून मॅडमच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ते इथं शेजारी शेजारी ठेवते.

एजन्सीचा मसुदा असा होता:

> कोल्हापूरच्या सुप्रसिद्ध मधुमेहतज्ज्ञ व एंडोक्रायनॉलॉजिस्ट डॉ. —, एमबीबीएस, एमडी, फेलो डायबेटॉलॉजी, परदेशात प्रशिक्षित. हजारो रुग्णांचा मधुमेह मुळापासून बरा करणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणजे रुग्णांचा आधारवडच! मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब, हृदयविकार, दमा, संधिवात, लठ्ठपणा, वृद्धांचे आजार अशा सर्व आजारांवर अत्याधुनिक उपचार. पहिल्या भेटीत शुगर तपासणी मोफत. मग कशाची वाट बघताय? या की एकदा! आमच्या समाधानी रुग्णांचे अनुभव खाली वाचा.

आणि मॅडमचा स्वतःचा:

> डॉ. —. एमबीबीएस (२००९). एमडी, जनरल मेडिसिन (२०१४). फेलोशिप इन डायबेटॉलॉजी (२०१६). म. मे. कौ. नोंदणी क्र. —. वेळ सकाळी १० ते १, सायंकाळी ५ ते ८. रविवारी बंद.

पहिला वाचून मॅडमना लाज वाटली आणि दुसरा वाचून एजन्सीच्या मुलाला वाटलं की ही तर दारावरची पाटी झाली. दोघांचंही बरोबर होतं. माझं मत आधीच सांगून टाकते: असाच्या असा एकच ठेवायचा असेल तर दुसरा ठेवा. पण तोही पुरेसा नाही, आणि त्याला काय जोडायचं हे पहिल्या मसुद्याच्या चुकांमधूनच कळतं.

नियम नेमका काय अडवतो

भारतीय वैद्यक परिषदेचे २००२चे व्यावसायिक आचरण नियम आजही लागू आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम अधिसूचित केले होते आणि त्यांत समाजमाध्यमांवर डॉक्टरांनी कसं वागावं याचंही मार्गदर्शन होतं. पण त्याच महिन्याच्या २३ तारखेला ते स्थगित झाले आणि जुनेच नियम चालू राहिले. त्यामुळं ‘आता नवीन नियम आलेत, वेबसाइटला सगळं चालतं’ असं कुणी सांगितलं, तर त्यावर विसंबू नका.

२००२च्या नियमांचं सहावं प्रकरण जाहिरातीपासून सुरू होतं. रुग्णांना प्रत्यक्ष किंवा आडून आपल्याकडं ओढणं हे तिथं अनैतिक ठरवलं आहे. आपलं कौशल्य, पदव्या, यश, नेमणुका, मानसन्मान यांकडं लक्ष वेधून घेणारी, स्वतःचा मोठेपणा मिरवणारी प्रसिद्धी कुठल्याही माध्यमातून करायची नाही, असं ते कलम म्हणतं. ‘कुठल्याही माध्यमातून’ यात वेबसाइट आली. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, जे एजन्सींना सहसा ठाऊकच नसतं: आपण हाताळलेल्या केसेस, शस्त्रक्रिया, बरे केलेले रुग्ण यांची फुशारकी मारायची नाही आणि दुसऱ्यालाही तसं छापू द्यायचं नाही. म्हणजे ‘ते मी नाही, एजन्सीनं लिहिलं’ हे उत्तर पुरत नाही. मजकूर तुमच्या नावाचा आहे आणि तुम्ही तो राहू दिला, एवढं पुरेसं आहे.

परवानगी कशाला आहे तेही स्पष्ट आहे. प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही दिवस बाहेर आहे, पुन्हा रुजू झाले, फी इतकी आहे, अशा गोष्टी औपचारिकपणे जाहीर करता येतात. पाटीवर नाव, विद्यापीठाच्या किंवा वैधानिक संस्थेच्या पदव्या, शाखेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि कौन्सिलचं नाव चालतं. वेबसाइटसाठी वेगळी यादी नियमात नाही. म्हणून मी पाटीची यादी हाच पाया धरते आणि त्यावर फक्त अशी वाक्यं चढवते, जी रुग्णाला दवाखान्यात पोचायला आणि तपासणीची तयारी करून यायला उपयोगी पडतात.

हे सगळं लक्षात ठेवायला मी एक कसोटी वापरते. मजकुरातलं प्रत्येक वाक्य एक तर कागदावर सापडलं पाहिजे, म्हणजे पदवीच्या प्रमाणपत्रावर किंवा कौन्सिलच्या नोंदीत. नाही तर तपासणीच्या खोलीत दिसलं पाहिजे, म्हणजे आलेल्या माणसाला ते खरोखर अनुभवाला आलं पाहिजे. जे वाक्य कागदावरही नाही आणि खोलीतही नाही, ते काढायचं. ‘आधारवड’ दोन्हीकडं सापडत नाही.

पदव्यांच्या ओळीत दुसरा मसुदा सरळ जिंकतो

एजन्सीनं ‘एमडी’ एवढंच लिहिलं होतं. हे दिसायला किरकोळ वाटतं, पण आपल्याकडं आयुर्वेदातही एमडी आहे, होमिओपॅथीतही आहे. नुसत्या दोन अक्षरांवरून गडहिंग्लजहून येणाऱ्या माणसाला काहीच कळत नाही. ‘एमडी (जनरल मेडिसिन)’, संस्था आणि वर्ष असं लिहिलं की संदिग्धता संपते. ही पदवी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं अतिरिक्त अर्हता म्हणून नोंदवलेली आहे ना, हेही याच वेळी बघून घ्या. बऱ्याच जणांची एमबीबीएसची नोंदणी व्यवस्थित असते आणि एमडीची नोंद ‘करू नंतर’ म्हणून राहिलेली असते. वेबसाइटवर लिहिलेलं आणि कौन्सिलच्या नोंदीत असलेलं यांत फरक दिसला की बाकीचं खरं असूनही संशय येतो.

फेलोशिपचं ठिकाण वेगळं. एक वर्षाची, रुग्ण बघत केलेली फेलोशिप ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, पण नावापुढं पदव्यांच्या माळेत ती ओवली की वाचणाऱ्याला ती एमडीच्या बरोबरीची वाटते. म्हणून तिच्यासाठी ‘अधिक प्रशिक्षण’ अशी वेगळी ओळ ठेवावी आणि त्यात विषय, संस्था, कालावधी आणि वर्ष ही चारही माहिती द्यावी. कालावधी लिहायची सवय फार चांगली आहे. ज्या प्रशिक्षणाचा कालावधी लिहायला आपल्यालाच संकोच वाटतो, ते लिहू नये. मॅडमच्या बाबतीत ‘परदेशात प्रशिक्षित’ हे असंच निघालं. त्या एका परदेशी रुग्णालयात दोन आठवडे निरीक्षक म्हणून गेल्या होत्या. निरीक्षक रुग्णाला हात लावत नाही, निर्णय घेत नाही. बाजूला उभं राहून बघतो. त्याला प्रशिक्षण म्हणणं चूक होतं. मॅडमनी ते स्वतःहून खोडलं.

व्यावसायिक संघटनांच्या सदस्यत्वाचंही असंच. वर्गणी भरून मिळणारं आजीव सदस्यत्व वाईट नाही, पण ती अर्हता नाही. लिहायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, एका ओळीत.

‘तज्ज्ञ’ आणि ‘विशेष रुची’

सगळा मसुदा इथं अडतो, म्हणून इथं जरा थांबते.

२००२च्या नियमांत सातव्या प्रकरणात एक छोटं कलम आहे: त्या शाखेची विशेष अर्हता नसेल तर डॉक्टरानं स्वतःला त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये. मॅडमची अर्हता आहे एमडी जनरल मेडिसिन. म्हणजे त्या फिजिशियन आहेत, आणि ते पूर्ण हक्कानं लिहावं. एंडोक्रायनॉलॉजी ही त्यापुढची डीएमची शाखा आहे. ती पदवी त्यांच्याकडं नाही. तेव्हा ‘एंडोक्रायनॉलॉजिस्ट’ हा शब्द सरळ खोटा ठरतो, त्यावर चर्चाच नको. ‘मधुमेहतज्ज्ञ’ थोडा निसरडा आहे. एमडी मेडिसिन झालेले कितीतरी फिजिशियन मधुमेहाचे रुग्ण उत्तम बघतात आणि गावात लोक त्यांना ‘शुगरचे डॉक्टर’च म्हणतात. लोकांनी म्हणणं वेगळं आणि आपण छापणं वेगळं. नुसत्या फेलोशिपच्या आधारावर हा शब्द नावाखाली लावू नका, असंच मी सांगते. कारण त्याची गरजच पडत नाही. रुचीची ओळ नीट लिहिली तर रुग्णाला हवं ते सगळं तिच्यातून कळतं.

एजन्सीच्या मसुद्यात आठ आजार होते. आठही ठिकाणी विशेष लक्ष असणं शक्य नसतं आणि वाचणाऱ्यालाही ते कळतं. अशी यादी वाचून तो फक्त एवढंच समजतो की इथं सगळंच बघतात. मॅडमच्या स्वतःच्या मसुद्यात मात्र रुचीबद्दल एक अक्षर नव्हतं. ज्या बाईंनी मधुमेही पायांच्या तपासणीसाठी एवढं वर्ष घातलं, त्यांच्या पानावर पाय हा शब्दच नव्हता.

मग आम्ही त्यांच्या आधीच्या संध्याकाळच्या ओपीडीची नोंदवही घेऊन बसलो. आजारांची नावं आठवून लिहिण्यापेक्षा हे बरं पडतं, कारण आठवणीत अवघड केसेस राहतात आणि नोंदवहीत रोजचं काम असतं. पानं चाळली तेव्हा मोठा भाग मधुमेह आणि रक्तदाबाचा निघाला, त्यामागं थायरॉइड. दम्याचे रुग्ण मोजके, संधिवाताचे बहुतेक पुढं पाठवलेले. हृदयविकाराच्या रुग्णांचा रक्तदाब आणि साखर त्या बघत होत्या, हृदयाचा मुख्य उपचार हृदयरोगतज्ज्ञांकडं होता. आठांतले पाच इथंच गळाले.

उरलेल्यांना मी तीन प्रश्न विचारायला सांगते. हे काम आठवड्यातून अनेकदा होतं का? त्यासाठी लागणारं साधन दवाखान्यात आहे का? आणि आपल्या आवाक्याबाहेर गेलं तर कुणाकडं पाठवायचं हे ठरलेलं आहे का? पायांच्या बाबतीत तिन्हींची उत्तरं ‘हो’ आली. त्यांच्याकडं मोनोफिलामेंट होतं, म्हणजे तळव्यावर टेकवल्यावर दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा. तो टोचलेला कळला नाही तर पायाचं संरक्षक भान गेलेलं असतं. कंप तपासायचा १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क होता. जखम खोल असेल तर कुठल्या सर्जनकडं पाठवायचं हे ठरलेलं होतं.

आता ही माहिती नुसती ‘डायबेटिक फूट केअर’ अशी लिहिली तर करवीर तालुक्यातल्या उसाच्या शेतकऱ्याला तिच्यातून काय कळणार? त्यालाच तर या तपासणीची सगळ्यात जास्त गरज आहे. फडात अनवाणी चालताना धसकट रुततं, नव्या कोल्हापुरी चपलेनं अंगठ्याशी कातडं सोलतं, आणि पाय बधिर असेल तर दोन दिवस पत्ताच लागत नाही. त्याला जे होतंय ते त्याच्या शब्दांत लिहिलं की रुची आपोआप कळते: ‘पायाला मुंग्या येणं, तळवे जळजळणं, लागलेलं न कळणं अशा तक्रारी असलेल्या मधुमेही रुग्णांच्या पायांची तपासणी.’ यात डॉक्टरांचं कौतुक नाही, तज्ज्ञ असल्याचा दावा नाही. तरी कुणी यावं आणि इथं काय होतं, दोन्ही कळतं.

दुसरी रुची गरोदरपणातला मधुमेह होती. तिथं मी एक शब्दसमूह आग्रहानं घालायला लावला: ‘तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून’. कारण बाळंतपणाची जबाबदारी त्यांची असते आणि साखर बघणारा डॉक्टर त्यांच्या सोबतीला असतो. हे न लिहिता नुसतं ‘गरोदरपणातील मधुमेहावर उपचार’ लिहिलं, तर एखादी ताई आधीचा दवाखाना सोडून इथं येण्याचा विचार करील.

आणि शेवटी, काय बघत नाही तेही लिहा. मॅडम लहान मुलांचा टाइप १ मधुमेह बघत नाहीत. राधानगरीहून मुलाला घेऊन एसटीनं आलेल्या आईला काउंटरवर हे कळण्यापेक्षा घरी मोबाइलवर कळलेलं बरं. एजन्सीला ही ओळ अजिबात पटली नव्हती. ‘यानं रुग्ण कमी होतील’ असं त्यांचं म्हणणं. पण दोन्ही मसुद्यांत नसलेली आणि मला सगळ्यात मोलाची वाटणारी ओळ हीच आहे.

‘मुळापासून बरा’ का चालत नाही

हे वाक्य नियमात बसत नाही हे वर आलंच. मधुमेहाच्या बाबतीत ते वैद्यकीयदृष्ट्याही टिकत नाही, हे जास्त महत्त्वाचं. टाइप २ मधुमेहात काही जणांची साखर वजन उतरल्यावर औषधांशिवाय ताब्यात राहते, ही खरी गोष्ट आहे. पण त्या स्थितीला काय म्हणायचं हे २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं ठरवून दिलं: साखरेची औषधं थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली असेल तर त्याला रेमिशन म्हणावं. ‘बरा झाला’ असं म्हणायचं त्यांनी जाणूनबुजून टाळलं, कारण आजार परत डोकं वर काढू शकतो आणि रक्त, डोळे, किडनी, पाय यांची तपासणी वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते. ‘मुळापासून बरा’ वाचून आलेला रुग्ण पुढच्या वर्षी डोळ्याचा पडदा दाखवायला जात नाही. नुकसान तिथं होतं.

याशिवाय १९५४चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे. ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायला त्यात बंदी आहे, त्या यादीत मधुमेह आहे. तेव्हा एखाद्या औषधाचं, पावडरीचं किंवा ‘रिव्हर्सल किट’चं नाव डॉक्टरांच्या ओळखीच्या पानावर येता कामा नये.

‘समाधानी रुग्णांचे अनुभव’ आणि जखमेचे ‘आधी-नंतर’चे फोटोही गेले, कारण बरे केलेले रुग्ण मिरवायला नियमात मनाई आहे. फोटोंच्या बाबतीत रुग्णाची ओळख पटू देण्याचा वेगळा दोष आहेच. पायाचा फोटो असला म्हणून काय झालं, असं एजन्सीचं म्हणणं होतं. पण गोंदण, पैंजण, मागं दिसणारं घर यांवरून गावात माणूस ओळखला जातो. आणि रुग्णानं परवानगी दिली तरी बरे केलेले रुग्ण मिरवण्याचा मुद्दा तसाच राहतो.

ऊब कुठून येते

एजन्सीच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी. त्यांचा मसुदा वाचणाऱ्याशी बोलतो, मॅडमचा बोलत नाही. घाबरून, रिपोर्ट हातात घेऊन मोबाइलवर शोधणाऱ्या माणसाला कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटणं गरजेचं आहे. चूक एवढीच झाली की त्यांनी सगळी आपुलकी डॉक्टरांच्या वर्णनात ओतली. प्रेमळ, मनमिळाऊ, रुग्णांच्या दुःखात समरस होणाऱ्या ही विशेषणं कुठल्याही डॉक्टरांच्या नावाखाली तशीच बसतात, आणि स्वतःच्या पानावर स्वतःबद्दल आली की आत्मस्तुती ठरतात.

‘या की एकदा’ मला खटकलं ते वेगळ्या कारणानं. कोल्हापुरात हे शब्द आपण रोज वापरतो आणि मॅडम स्वतः रुग्णांशी असंच बोलतात. पण समोर माणूस असताना ते आग्रहाचं बोलणं असतं. दवाखान्याच्या पानावर छापलं की ते गिऱ्हाईक बोलावणं वाटतं, तेही ‘मोफत तपासणी’च्या शेजारी. साधी प्रमाण मराठी आणि ‘तुम्ही’ एवढं पुरतं. निपाणीकडून येणाऱ्यांसाठी ‘दवाखान्यात कन्नड बोलणाऱ्या सिस्टर आहेत’ ही एक ओळ असल्या दहा आग्रहांपेक्षा जास्त आपलेपणाची आहे, अर्थात त्या सिस्टर खरोखर असतील तर.

ऊब येते ती पुढं काय होणार हे आधी सांगण्यातून. पहिल्या भेटीला किती वेळ लागतो, काय आणायचं, उपाशी यायचं का. यातला शेवटचा प्रश्न फोनवर सगळ्यात जास्त विचारला जातो. एचबीए१सीसाठी उपाशी राहावं लागत नाही. उपाशीपोटीच्या साखरेसाठी आठ तास काही खायचं नाही, पाणी चालतं. हे लिहिलं की कागलहून निघालेला वयस्क माणूस उगाच रिकाम्या पोटी गोळी घेऊन एसटीत बसत नाही. सोबत येणाऱ्या नातेवाइकाला आत बसता येईल का, पायऱ्या किती आहेत, लिफ्ट आहे का, हेही लिहा. आणि जेवणाबद्दल एक वाक्य. मॅडम रुग्णाच्या घरात जे शिजतं त्यातूनच आहार बसवतात, भाकरी, भात, रस्सा काहीही पूर्ण बंद करायला लावत नाहीत. प्रमाण आणि वेळ ठरवून देतात. हे खोलीत खरोखर घडतं, म्हणून लिहायला हरकत नाही.

फी लिहावी का? लिहावी. जाहीर करायची मुभा नियमातच आहे, आणि दवाखान्यात फी स्पष्ट दिसेल अशी लावणं हे तर कर्तव्य सांगितलं आहे. सवलत, पहिली भेट मोफत, दोघांना एकात, हे मात्र रुग्ण ओढणं झालं.

फोटोबद्दल नियमात थेट उल्लेख लेटरहेड आणि पाटीचा आहे: तिथं स्वतःचा फोटो छापणं ही आत्मप्रसिद्धी. वेबसाइटवर छोटा, साधा फोटो ठेवणारे पुष्कळ आहेत. मी तरी डॉक्टरांच्या फोटोच्या जागी दवाखान्याच्या प्रवेशद्वाराचा फोटो सुचवते. राजारामपुरीच्या गल्ल्या नवख्या माणसाला सारख्याच दिसतात. दार ओळखता आलं तर त्याचा खरा उपयोग होतो.

दोन्हींतून झालेला तिसरा मसुदा

> डॉ. —, फिजिशियन
> एमबीबीएस, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कोल्हापूर (२००९)
> एमडी (जनरल मेडिसिन), शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मिरज (२०१४)
> महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणी क्र. —
> अधिक प्रशिक्षण: मधुमेह या विषयातील फेलोशिप, — संस्था, एक वर्ष (२०१६)
>
> मी प्रौढांचे आजार बघते. त्यातही मधुमेह व रक्तदाब, पायाला मुंग्या येणं किंवा लागलेलं न कळणं अशा तक्रारींसाठी मधुमेही पायांची तपासणी, आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून गरोदरपणातील मधुमेहाची काळजी, या कामांत मला विशेष रुची आहे. लहान मुलांचा मधुमेह मी बघत नाही. त्यासाठी बालरोगतज्ज्ञांना भेटा.
>
> पहिल्या भेटीला साधारण अर्धा तास लागतो. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन या. नावं आठवली नाहीत तरी चालेल. पायांची तपासणी असते, म्हणून सहज काढता येईल असं पादत्राण घाला. एचबीए१सीसाठी उपाशी राहायची गरज नाही. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर त्या सकाळच्या गोळ्या किंवा इन्सुलिनचं काय करायचं हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. घरातलं कुणी सोबत असेल तर त्यांनाही आत बसता येईल. आहार तुमच्या घरच्या जेवणातूनच ठरवू.
>
> वेळ: सकाळी १० ते १, सायंकाळी ५ ते ८, रविवारी बंद. फी: पहिली भेट — रुपये, फेरतपासणी — रुपये. तळमजला, पायऱ्या नाहीत.
>
> छातीत दुखणं, बोलण्यात अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा शुद्ध हरपणं असं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १०८ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.

एजन्सीच्या मसुद्यातून यात आलं ते फक्त वाचणाऱ्याशी बोलणं. मॅडमच्या मसुद्यातलं सगळं आलं, थोडं उलगडून.

तुमची परिस्थिती वेगळी असेल तर निवडही थोडी बदलेल. पानाकडं वर्षभर बघायला कुणी नसेल, तर मॅडमचा पाटीसारखा मसुदा पदवीतली शाखा आणि संस्था घालून तसाच ठेवा. जुनी फी आणि बदललेल्या वेळा दाखवणारं लांबलचक पान त्याहून वाईट. तुम्ही एखाद्या रुग्णालयात बसत असाल, तर रुग्णालयाच्या जाहिरातीला नियमात जरा वेगळी मुभा आहे: संस्थेचं नाव, कुठल्या प्रकारचे रुग्ण घेतात, सोयी आणि फी. त्या मुभेचा आधार घेऊन तिथले लोक तुमच्या नावामागं ‘सुप्रसिद्ध’ लावतील. तुमच्या नावाचा परिच्छेद छापायच्या आधी मागून घ्या, आणि वाचून लेखी दुरुस्ती पाठवा. तुमच्याकडं डीएम असेल तर ‘एंडोक्रायनॉलॉजिस्ट’ बिनधास्त लिहा, पण रुचीची ओळ तेव्हाही वगळू नका. त्या शाखेतही सगळे सगळं बघत नाहीत.

एजन्सीशी करार करताना एक अट लेखी घ्या: डॉक्टरांच्या मंजुरीशिवाय पानावर एकही शब्द बदलायचा नाही, आणि शोधात वर येण्यासाठी पानाच्या शीर्षकात किंवा वर्णनात घातलेले शब्दही याच अटीत येतील. मॅडमच्या पानावर दिसणारा मजकूर दुरुस्त झाल्यावरही शोधाच्या निकालात ‘कोल्हापूरमधील नंबर १ मधुमेहतज्ज्ञ’ असंच येत होतं, कारण ते शीर्षकाच्या आतल्या भागात राहून गेलं होतं. स्वतःचं नाव मोबाइलवर शोधून बघा. रुग्णाला आधी तेच दिसतं. कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. त्याच दिवशी हे पान उघडून पदव्या, फी, वेळ आणि रुचीची ओळ पुन्हा एकदा नोंदवहीशी ताडून बघायची, असं मॅडमनी ठरवलं आहे. दिवाळी आणि गणपतीच्या सुट्ट्या मात्र त्या त्या वेळी घालाव्या लागतील, आणि ते काम त्यांनी रिसेप्शनवरच्या ताईंकडं दिलं आहे.